मागच्या मालकाला विचारायचे पाच प्रश्न

"ताई, तुमच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू टिकतात, भाडं वेळेवर येतं. माणूस चांगला आहे हे तुम्हाला आधीच कसं कळतं?"

मला कळत नाही. घर बघायला येणाऱ्या माणसाचा आणि आपला संबंध जेमतेम वीस मिनिटांचा, आणि त्या वीस मिनिटांत सगळेच चांगले असतात. माझ्याकडे एक छापील पान आहे. येणाऱ्या प्रत्येकासाठी त्याची नवी प्रत काढते आणि ती पूर्ण भरल्याशिवाय टोकन घेत नाही.

हे पान करावं लागलं ते दोन चुका एकाच आठवड्यात झाल्या म्हणून. बऱ्याच वर्षांपूर्वी माझा नाशिकच्या जेल रोडचा फ्लॅट रिकामा झाला तेव्हा आधी एक नर्स आली होती. एकटी राहणारी, शिफ्टची नोकरी. मी तिला रात्री किती वाजता येणार, घरी कोण कोण येतं, लग्न कधी करणार, असं सगळं विचारलं आणि पगार विचारायचाच राहिला. तिला नाही म्हटलं. दोन दिवसांनी एक गृहस्थ आले, बोलायला अतिशय नम्र, गावाकडची ओळख निघाली. त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी नंतर चार महिन्यांचं भाडं थकवलं आणि माझ्याकडे डिपॉझिट होतं दोन महिन्यांचं. पैसे गेले त्याहून मला त्या नर्सचं जास्त लागलं. एकाच घरासाठी दोन माणसांना मी दोन वेगळ्या परीक्षा घेतल्या होत्या, आणि एकीला तर भाड्याशी काही संबंध नसलेल्या प्रश्नांवर नापास केलं होतं.

तेव्हापासून आकडे आणि अटी घर दाखवायच्या आधी लिहिलेल्या असतात, पेनाने, तारीख घालून. माणूस समोर आल्यावर अट बदलायची नाही. आणि ज्याचं पान आधी पूर्ण होऊन अटीत बसतं, त्याला घर. "उद्या याहून चांगला कोणी येईल" म्हणून थांबायचं नाही. थांबलं की निवड परत आपल्या आवडीनिवडीवर जाते. जात, धर्म, लग्न झालंय की नाही, स्वयंपाकघरात काय शिजतं, हे रकानेच पानावर नाहीत. एजंट फोनवर आधी तेच सांगायला लागतो. मी त्याला म्हणते, "दादा, ते राहू द्या, स्टेटमेंट आणायला सांगा."

दोन वर्षांपूर्वीचं पाथर्डी फाट्याच्या टू बीएचकेचं उदाहरण सांगते. भाडं 15,000, मेंटेनन्स 1,500, म्हणजे महिन्याला 16,500. माझी अट अशी की करारावर सही करणाऱ्यांचं हातात पडणारं उत्पन्न, चालू हप्ते वजा करून, याच्या तिप्पट हवं. 49,500. एजंटने एकाच दिवशी दोघांना पाठवलं.

सकाळी आलं एक जोडपं. नवरा अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर, बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये. त्याने मार्चची सॅलरी स्लिप पुढे केली, हातात 51,000. स्लिप एका महिन्याची असते, आणि माणूस साहजिकच त्याच्या चांगल्या महिन्याची आणतो. म्हणून मी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागते आणि पगाराच्या ओळींवर स्वतः खूण करत जाते. पाच महिने पगार 38,000 च्या आसपास आणि मार्चमध्ये 51,000. त्याने लगेच सांगितलं की मार्चमध्ये ओव्हरटाइमची थकबाकी मिळाली. त्यात खोटं काही नव्हतं. पण मी 38,000 च धरले, आणि ते अटीत बसत नव्हते. मग पानावरचा पुढचा रकाना आला: करारावर आणखी कोण सही करणार? बायकोच्या खात्यात दर महिन्याला 14,000 येत होते. दोघांचे मिळून 52,000, हप्ता एकही नाही. बसलं.

इथे धंदेवाल्यांबद्दल सांगायला हवं, कारण नाशकात तो प्रश्न नेहमी येतो. टेम्पो चालवणारा, द्राक्षाच्या मालाचं पॅकिंग करणारा, यांचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट फसवं असतं. जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात खातं भरलेलं, पावसाळ्यात रिकामं. त्यांच्याकडून बारा महिन्यांचं घेते, सोबत दोन वर्षांचं आयकर रिटर्न, आणि सरासरी काढते. एक मात्र बघायचं: मोठी रक्कम आली आणि दोन-चार दिवसांत तेवढीच परत गेली, तर ती कमाई नाही, खातं भरलेलं दिसावं म्हणून फिरवलेले पैसे आहेत. त्या ओळी वगळून बेरीज करायची.

संध्याकाळी दुसरे आले. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारे, खात्यात दर महिन्याला लाखाच्या वर. बोलणं मोकळं, घराची पाहणी समजून केलेली, कुठे ओल येते का हे विचारणारे. खरं सांगते, मला घर त्यांनाच द्यावंसं वाटत होतं. एजंटही म्हणाला, "ताई, आजच टोकन घ्या, हा माणूस हातातून जाईल." जोडप्याचं पान अजून अर्धवट होतं, मागच्या मालकाशी बोलणं बाकी होतं. म्हणून दोघांच्याही मागच्या मालकांना दुसऱ्या दिवशी फोन लावले.

पानावर मी सर्वांत जास्त जागा याच भागाला ठेवली आहे. फोन करायचा तो आत्ताच्या मालकाला आणि त्याच्याही आधीच्या मालकाला. आत्ताच्या मालकाला भाडेकरू घालवायचा असेल तर तो त्याची स्तुतीच करेल. आधीच्याला आता लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं. फोन करण्यापूर्वी जुन्या कराराची प्रत घेते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्यामुळे प्रत मागण्यात गैर काही नाही. करारावर मालकाचं नाव, भाडं, डिपॉझिट, तारखा सगळं असतं. ते समोर ठेवायचं आणि फोनवर त्यातलं एक अक्षरही आपण बोलायचं नाही.

लोकांची चूक इथेच होते. ते विचारतात, "तुमच्याकडे बारा हजारांनी राहत होते ना? भाडं वेळेवर देत होते ना?" पलीकडे मित्र बसलेला असला तरी त्याला फक्त "हो, हो" म्हणायचं असतं. माझे पाच प्रश्न असे: घर कुठे आणि कितव्या मजल्यावर? कधीपासून कधीपर्यंत राहिले? भाडं किती होतं, आणि वर्षात किती वेळा उशिरा आलं? डिपॉझिट किती घेतलं होतं, आणि परत देताना किती कापलं, कशासाठी? पुन्हा त्यांनाच घर द्याल का?

चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. डिपॉझिटमधून काय कापलं हे खऱ्या मालकाला पाठ असतं, कारण त्यावरून थोडीफार घासाघीस झालेली असते. खोट्या मालकाने भाड्याचा आकडा पाठ केलेला असतो, पण इथपर्यंत कोणी शिकवलेलं नसतं.

जोडप्याच्या आधीच्या मालकीणबाई सातपूरच्या. म्हणाल्या, "डिपॉझिट तीस हजार होतं, अठराशे कापले. ओट्यामागची भिंत तेलकट झाली होती, रंग द्यावा लागला. भाडं दोनदा उशिरा आलं, पण पोराने आधी फोन करून सांगितलं होतं." करारावर डिपॉझिट तीस हजारच होतं. उशिराबद्दल माझी अट अशी की वर्षात न सांगता दोनपेक्षा जास्त वेळा झालेला नको. आत्ताच्या मालकांकडे एकदाही उशीर नव्हता. ते कापलेले अठराशे ऐकून मला उलट विश्वास वाटला. तक्रारीचा एक शब्दही नसलेली शिफारस मी दुसऱ्यांदा तपासते.

दुसऱ्या गृहस्थांनी दिलेला नंबर लागला. पलीकडचा माणूस म्हणाला, "एकदम बेस्ट माणूस आहे मॅडम, डोळे झाकून द्या." मी भाडं विचारलं. "अठरा हजार." करारावर सोळा होतं. मजला विचारला. "वरचा." डिपॉझिट? थोडा वेळ काहीच आलं नाही, मग "सगळं परत दिलं" असं उत्तर आलं. किती होतं ते मी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "बघून सांगतो." बघून सांगितलं नाही.

तरी लगेच नाही म्हटलं नाही. नंबर किंवा माहिती जुळली नाही तर दुरुस्त करायला दोन दिवस द्यायचे, हेही पानावर लिहिलेलं आहे, आणि ते सगळ्यांना मिळतात. मी त्यांना सांगितलं की करारातल्या मालकांचा नंबर आणि त्यांच्या नावाच्या घरपट्टीची किंवा लाइट बिलाची प्रत पाठवा. ते म्हणाले, मालक परदेशात आहेत. मग ईमेल चालेल, म्हटलं. दोन दिवसांत काही आलं नाही. जोडप्याचं पान तोवर पूर्ण झालं होतं.

पहिल्यांदाच भाड्याने राहणाऱ्याला मागचा मालक नसतो. त्याच्याकडून मी कॉट बेसिसवाल्या काकूंचा किंवा होस्टेलच्या रेक्टरचा नंबर घेते. तोही नसेल तर आई-वडिलांपैकी एकाची करारावर हमी. नोकरीची खात्री करताना स्लिपवरचा किंवा त्याने दिलेला नंबर वापरत नाही, कंपनीचा नंबर स्वतः शोधून लावते. तिथे तीनच गोष्टी विचारते: नोकरीला आहेत का, कधीपासून, कायम की कंत्राटी. पगार ते सांगत नाहीत आणि सांगावाही लागत नाही, तो स्टेटमेंटवर असतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं वेगळं. ते करायचंच, पण त्यातून भाडं वेळेवर येईल का हे कळत नाही.

ज्यांना घर दिलं नाही त्यांना मी त्याच दिवशी कळवते, कोणत्या रकान्यामुळे तेही सांगते. त्यांची स्टेटमेंटं फाडून टाकते. आधारची प्रत घेते ती पहिले आठ आकडे झाकलेलीच. माझं भरलेलं पान मात्र ठेवते.

ते जोडपं यंदा सिन्नरला गेलं, त्याची बदली झाली म्हणून. गेल्या महिन्यात तिथल्या घरमालकांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "भाडं वेळेवर देत होते ना?" मी म्हटलं, "भाऊ, थांबा, पान काढते." मग मजला सांगितला, तारखा सांगितल्या, डिपॉझिट 45,000, परत देताना 2,200 कापले, बाथरूमचा नळ आणि एका खिडकीची जाळी. ते लिहून घेत होते, मला पेनाचा आवाज येत होता.