कांदा वाजला पाहिजे : आजीच्या मसाल्याची गोष्ट, पाचवा मसुदा

मार्चचा दुसरा आठवडा

कांदा-लसूण मसाल्याचं यंदा माझं तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी घरापुरता केला, गेल्या वर्षी ओळखीपाळखीत सहा किलो गेला, आणि यंदा बारा किलोचा बेत आहे. पाकिटात या वेळी एक छोटी गोष्ट घालायची ठरवली आहे. पोस्टकार्डाएवढा कागद, एका बाजूला गोष्ट, दुसऱ्या बाजूला घटक. मसाला आजीचा, म्हणून गोष्टही आजीची. घरचा मसाला विकायला काढला की असा कागद आपल्या सगळ्यांनाच कधी ना कधी लिहावा लागतो, म्हणून मसाल्याच्या नोंदींबरोबर त्याचीही नोंद ठेवते आहे.

पहिला मसुदा एका बैठकीत लिहून झाला. आजीचे सुरकुतलेले हात, मायेची चव, मातीचा वास, सगळं त्यात होतं. आत्याला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "चांगलं हाय. पर ह्यात मसाला कुठं हाय?"

मी परत वाचला. लोणच्याच्या बरणीवर चिकटवला असता, तरी एक शब्द बदलावा लागला नसता. फाडून टाकला.

मार्चअखेर

दोन दिवस आत्याकडे जाऊन आले. गाव गडहिंग्लजजवळ. आजी गेली त्याला नऊ वर्षं झाली, पण तिचा मसाला आत्या अजून त्याच पद्धतीनं करते. या खेपेला वही घेऊन बसले.

आजीचं प्रमाण मापट्यात होतं. "किलो मिरचीला दीड मापटं धनं." शेराचं अर्धं ते मापटं आणि त्याच्या निम्मं चिपटं, एवढं मला माहीत होतं, पण मापट्यात मावतं ते आकारमान, वजन जिन्नसागणिक वेगळं येतं. आत्याकडचं पितळी मापटं धण्यांनी भरून, वर काठोकाठ सपाट करून, काट्यावर ठेवलं. १६५ ग्रॅम. म्हणजे दीड मापटं जवळपास २५० ग्रॅम. मागची दोन वर्षं मी अंदाजानं ४०० घालत होते. माझ्या मसाल्याचा रस्सा आजीच्यापेक्षा दाट आणि चवीला बोथट का व्हायचा, ते तिथं कळलं. धणे जास्त झाले की ते मिरची आणि लसूण दोघांनाही झाकतात.

बाकीचं असं भरलं: एक किलो मिरचीला सुकं खोबरं पाव किलो, कांदा एक किलो, लसूण पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, जिरं ५० ग्रॅम, शिवाय लवंग, मिरे, दालचिनी, मसाला वेलची, तमालपत्र, दगडफूल, दोन हळकुंडं, हिंग, मीठ, आणि भाजण्या-तळण्याला शेंगतेल.

गोष्ट मात्र या यादीत सापडली नाही. ती दुसऱ्या दिवशी सापडली. आत्यानं तळलेल्या कांद्याची एक चिमूट परातीत वरून सोडली आणि मान तिरकी केली. मी विचारलं, "काय करतेस?"

"ऐकतोय. आई असंच करायची. कांदा परातीत वाजला पायजे. न्हाई वाजला, तर मसाला घाम धरतोय." लहानपणी डंकावर आजीनं असाच कान दिला होता, ते तेव्हा आठवलं.

एप्रिलचा दुसरा आठवडा

घाम धरणं म्हणजे काय, ते गेल्या वर्षी मी भोगलं आहे. कांदा एक दिवसच वाळवला होता, तळताना रंग छान आला, म्हणून उतरवला. तीन आठवड्यांनी पाकिटात मसाल्याचे खडे झाले आणि एका पाकिटात कडेला पांढरी बुरशी दिसली. त्या घाण्यातली आठ पाकिटं परत मागवून टाकून दिली आणि पैसे परत केले.

चूक रंगावर विसंबण्यात होती. कांद्यात बहुतेक पाणीच असतं. जाडसर चिरलेला कांदा बाहेरून तांबूस होतो तेव्हा आत ओल शिल्लक असू शकते. कुटल्यावर ती ओल मीठ आणि मिरची ओढून घेतात आणि सगळा मसाला दमट होतो. यंदा कांदा कागदासारखा पातळ चिरला आणि पाकळ्या सुट्या करून तीन उन्हं दिली. एक किलोचा वाळून साधारण दीडशे ग्रॅम उरला. मग मंद आंचेवर थोड्या थोड्या कांद्याचे घाणे काढत तळला.

परीक्षा गरम कांद्याची घ्यायची नाही, हे महत्त्वाचं. कढईतून काढल्या काढल्या चांगला तळलेला कांदाही मऊच लागतो. पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मग परातीत सोडायचा. नीट झालेला कांदा वाळल्या पानासारखा खुळखुळतो. ओला राहिलेला नुसता पडतो, आवाज करत नाही. यंदा पाच घाण्यांपैकी चौथा वाजला नाही. तो परत मंद आंचेवर ठेवला.

डंकावर गेले ती सकाळी सातला, उन्हं चढायच्या आत. गिरणीच्या दगडात हा मसाला दळला तर खोबऱ्याचं आणि तिळाचं तेल सुटून दगड चोंदतात आणि मसाला तापतो. डंकात तो कुटला जातो, त्यामुळे कमी तापतो. तरीही घरी आणल्यावर हात घातला तर कोमट होता. परातीत पसरून, वर मलमल टाकून रात्रभर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भरला. कोमट मसाला पाकिटात बंद केला तर आतल्या आत वाफ धरते, आणि मग कांदा वाजवून काही उपयोग नाही.

एप्रिलअखेर

दुसरा मसुदा परातीतल्या आवाजावर लिहिला आणि पहिल्यांदा वाटलं की हा कागद फक्त याच मसाल्याचा आहे. लाल पेनानं तपासायला बसले. नियम एकच ठेवला: पाकिटातल्या मसाल्याबद्दल जे खरं नाही, ते वाक्य कितीही आवडलं तरी जाईल.

'शुद्ध आणि नैसर्गिक' गेलं. हे शब्द केव्हा वापरायचे, याला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या जाहिराती आणि दाव्यांविषयीच्या २०१८च्या नियमांत अटी आहेत. 'पारंपरिक' हा शब्दही पिढ्यान्‌पिढ्या फारसा न बदललेल्या कृतीसाठीच आहे. इथं मी बराच वेळ अडले. आजी पूर्ण किलो संकेश्वरी मिरची घालायची. ती गडहिंग्लजच्या बाजारातून यायची आणि चांगली झणझणीत असायची. मी सहाशे ग्रॅम ब्याडगी आणि चारशे ग्रॅम संकेश्वरी घालते, कारण माझ्याकडून घेणाऱ्यांच्या घरात लहान मुलं आहेत. ब्याडगी रंग देते, तिखटपणा कमी देते. म्हणजे 'आजीचाच मसाला, जसाच्या तसा' हे वाक्य खोटं होतं. ते काढलं आणि बदल गोष्टीतच सांगून टाकला. मला वाटतं, त्यानं गोष्ट जास्त भरवशाची झाली.

मागच्या बाजूलाही दोन दुरुस्त्या झाल्या. घटकांत मी नुसतं 'हिंग' आणि 'तेल' लिहिलं होतं. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. माझ्या डबीवर तसं छापलेलं आहे. आणि तेल शेंगदाण्याचं. ज्यांना गहू किंवा शेंगदाणा चालत नाही, त्यांच्यासाठी हे दोन शब्द गोष्टीपेक्षा मोठे आहेत. आता ठळक अक्षरांत वेगळी ओळ केली आहे.

मेचा पहिला आठवडा

शेवट जमत नव्हता. तिसऱ्या मसुद्यात 'आजच मागवा, साठा मर्यादित' असं होतं. साठा खरोखरच बारा किलोचा आहे, तरी ते वाक्य गोष्टीच्या तोंडचं वाटेना. इतका वेळ परातीजवळ बसलेल्या माणसानं एकदम उठून हाक मारावी, तसं. चौथ्यात विकण्याचं नावच काढलं नाही, तर शेजारच्या काकूंनी कागद वाचून विचारलं, "छान आहे गं, पण हा मिळतो कुठं?" तेही बरोबर होतं. घ्या म्हणायचं आहे, तर म्हटलं पाहिजे.

आत्याला विचारलं, आजी लोकांना मसाला कसा द्यायची? ती म्हणाली, "पुडीत चमचाभर बांधून द्यायची. म्हणायची, आमटीत घालून बघा, मग सांगा." पाचव्या मसुद्याचा शेवट तिथून आला. त्यासाठी ५० ग्रॅमचं पाकीटही वेगळं केलं, नाहीतर 'घालून बघा' म्हणून पाव किलो गळ्यात मारल्यासारखं झालं असतं.

छापायला दिलेला मजकूर असा:

*मे महिना. डंकावर सकाळपासून रांग. आमचा डबा पाचवा होता. मी आठ वर्षांची, नाकाला ओढणी बांधून उभी, आणि आजी शेवटचा कांदा परातीत ओतत होती.*

*ओतता ओतता ती थांबली. एक चिमूट उचलली, वरून सोडली, कान दिला. परत उचलली, परत सोडली.*

*"काय झालं गं?"*

*"वाजंना."*

*"पण लाल झालाय की!"*

*"लाल दिसतोय. झाला न्हाई." तिनं परात उचलली. "चल घरी."*

*रांगेतला नंबर गेला. घरी येऊन तिनं चूल पेटवली आणि तो कांदा पुन्हा मंद जाळावर ठेवला. दुपारी गार झाल्यावर मला हाक मारली. "आता तू टाक."*

*मी चिमूट सोडली. परातीत वाळली पानं सांडल्यासारखा आवाज आला. आजी हसली आणि पुन्हा डोक्यावर पदर घेऊन डंकाकडे निघाली. रांगेत आम्ही अकराव्या होतो.*

*तो मसाला पुढच्या मेपर्यंत बरणीत सुटा राहिला.*

*या पाकिटातला मसाला आजीच्या प्रमाणानं केला आहे. मिरची मी बदलली आहे: ती फक्त संकेश्वरी घालायची, मी ब्याडगी जास्त घालते, म्हणून हा तिच्यापेक्षा कमी तिखट आहे. कांदा मात्र प्रत्येक घाण्याचा परातीत टाकून ऐकला आहे.*

*आज आमटीत चमचाभर घालून बघा. घरच्यांना आवडला, तर मागच्या बाजूला नंबर आहे. पुढचं पाकीट त्यावर सांगा. पाव किलोचंही मिळतं.*