शॉवर फिल्टर: क्लोरीन गेलं, क्षार तिथेच

खोक्यावर लिहिलं होतं: पंधरा थर, क्लोरीन कमी, जड पाणी मऊ, केस गळणं बंद. यातलं केसांचं मोजता येत नाही, पण पहिल्या दोन गोष्टी घरी सहज मोजता येतात. म्हणून फिल्टर बसवण्याआधी आणि बसवल्यावर पाणी तपासायचं ठरवलं. फ्लॅट पुण्याच्या बाहेरच्या भागातला, दुसऱ्या मजल्यावरचा. महापालिकेचं थोडं पाणी, बाकी टँकर, आणि दोन्ही खालच्या टाकीत एकत्र होतात.

मोजायला टीडीएस मीटर घेतला नाही. जडपणा मोजायला लोक हाच मीटर काढतात आणि इथेच फसतात. हा मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत त्याचा अंदाज देतो. जडपणा फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा असतो. पाणी खरोखर मऊ करणारं यंत्र त्या दोघांना काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतं. त्यामुळे पाणी मऊ झालं तरी मीटरवरचा आकडा जवळपास तोच राहतो. जडपणासाठी थेंबांचं किट मिळतं. नमुन्यात रंगद्रव्य घातलं की पाणी वाइनसारखं लालसर होतं, मग ईडीटीएचे थेंब मोजत टाकायचे आणि रंग स्वच्छ निळा झाला की थांबायचं. जांभळ्यावर थांबलात तर आकडा कमी येतो. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम. शॉवरच्या पाण्याला २१ थेंब लागले, म्हणजे ४२०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० ही चालवून घेण्याची मर्यादा आहे, तेव्हा पाणी चांगलंच जड.

क्लोरीनसाठी ओटी टेस्ट, म्हणजे ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी नळावर करतो तीच. पिवळा रंग पहिल्या काही सेकंदांतच वाचायचा. उशीर केला तर अमोनियासारख्या पदार्थांशी जोडलेल्या संयुक्त क्लोरीनचाही रंग चढतो आणि मोकळं क्लोरीन आहे त्यापेक्षा जास्त वाटतं. महापालिकेच्या लाइनवरच्या तळमजल्याच्या नळाला लिटरला ०.५ मिलिग्रॅम आलं. रात्रभर वरच्या टाकीत राहिलेल्या पाण्यात पिवळेपणा जेमतेम दिसला, आणि गीझरमधून शॉवरला आलेल्या पाण्यात तोही नव्हता. टँकरचं पाणी बोअरचं असेल आणि त्यात कोणी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं नसेल, तर त्यात मुळात क्लोरीन नसतंच.

आता फिल्टर. आतलं कामाचं माध्यम म्हणजे तांबं-जस्ताचे दाणे, कॅल्शियम सल्फाइट आणि थोडा कोळसा. बाकी मातीच्या रंगीत गोळ्या. दाणे आणि सल्फाइट हे दोन्ही मोकळ्या क्लोरीनचं क्लोराइड करतात, आणि सल्फाइट गरम पाण्यातही चटकन काम करतं. कोळसा मात्र गरम आणि वेगात वाहणाऱ्या पाण्यात कमी पडतो, कारण पाणी थांबतच नाही. हिशोब असा: कार्ट्रिजमध्ये सगळं माध्यम मिळून २०० मिली, त्यातली मोकळी जागा साधारण ८० मिली. फिल्टर लावल्यावर शॉवरमधून मिनिटाला साडेपाच लिटर पाणी आलं, म्हणजे सेकंदाला ९२ मिली. पाणी आत एक सेकंदही नसतं. ते पंधरा थरांत वाटलं तर एका थराच्या वाट्याला सेकंदाचा साधारण सतरावा भाग येतो. थर जितके जास्त, तितकं प्रत्येकाच्या वाट्याला कमी माध्यम आणि कमी वेळ.

तरी क्लोरीनचं काम होतं का हे पाहायला तोच फिल्टर तळमजल्याच्या नळाला जोडला. ०.५ आत गेलं, बाहेर रंग उमटलाच नाही. म्हणजे फिल्टर क्लोरीन काढतो. फक्त आमच्या शॉवरला काढण्यासारखं क्लोरीन पोचतच नव्हतं. ज्यांच्या बाथरूममध्ये थेट लाइनचं पाणी येतं आणि वास जाणवतो, त्यांना उपयोग आहे. त्यांनी घेताना अमेरिकेचं एनएसएफ १७७ हे मानक पाहावं. ते शॉवर फिल्टरसाठीच आहे आणि त्यात फक्त मोकळं क्लोरीन कमी करण्याची चाचणी असते, जडपणाची नाही. आणि बादलीनेच अंघोळ करत असाल तर फिल्टरशिवायही भागतं. १ मिलिग्रॅम क्लोरीनला अडीच मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं, म्हणजे १५ लिटरच्या बादलीत लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असलं तरी ४० मिलिग्रॅम खूप झालं.

जडपणाचा निकाल: फिल्टरआधी २१ थेंब, नंतरही २१.

असं होणारच होतं. तांबं-जस्त, सल्फाइट, कोळसा, यातलं काहीच कॅल्शियम धरून ठेवत नाही. ते धरतं रेझीन, म्हणजे कॅल्शियम घेऊन सोडियम सोडणारे बारीक मणी, आणि काही शॉवर फिल्टरमध्ये खरोखर रेझीन असतं. पण किती? एक लिटर रेझीन व्यवहारात साधारण ५० ग्रॅम जडपणा उचलतं. कार्ट्रिजमध्ये १०० मिली धरलं तर ५ ग्रॅम. आमच्या पाण्यात लिटरमागे ०.४२ ग्रॅम आहे. भागाकार करा: १२ लिटर. एक बादलीसुद्धा नाही. पुढच्या अंघोळीआधी ते मिठाच्या पाण्यात भिजवून पुन्हा भरून घ्यावं लागेल, आणि हे कोण रोज करणार!

पाणी मऊ करायचं तर रेझीन जास्त हवं. २५ लिटर रेझीनचं, टाकीच्या लाइनवर बसणारं सॉफ्टनर घेतलं तर १२५० ग्रॅम उचलतं, म्हणजे आमच्या पाण्याचे जवळपास ३००० लिटर. चौघांच्या घराला माणशी १३५ लिटर धरलं तर पाचसाडेपाच दिवस, आणि मग दरवेळी सुमारे तीन किलो मीठ. फिल्टर आणि सॉफ्टनर यांच्यातला फरक हा आहे. गीझरच्या कॉइलवर बसणारे पांढरे थरही सॉफ्टनरनेच कमी होतात. शॉवर फिल्टर गीझरच्या पुढे असतो, तो मागच्या कॉइलला काय वाचवणार? इसबासाठी मात्र सॉफ्टनरकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांवर त्याचा जादा फायदा दिसला नाही. तिचे निकाल २०११ मध्ये आले.

बसवणं सोपं आहे. शॉवरच्या आर्मवरून जुना हेड काढायचा, आटे ब्रशने साफ करायचे, टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळायचे, बाण पाण्याच्या दिशेला ठेवून फिल्टर हाताने आवळायचा. पान्हा वापरला तर प्लॅस्टिकच्या आट्याला चीर जाते. गळती बहुतेक वेळा टेपमुळे नाही, तर आतला रबर वॉशर तिरका बसल्याने होते. पहिली दोन मिनिटं कोळशाची काळी भुकटी येते, ती बादलीत सोडून द्यावी. गावाहून परतल्यावरही मिनिटभर पाणी वाहू द्यावं, कारण क्लोरीन नसलेल्या ओल्या कोळशात जिवाणू वाढतात.

प्रवाह आधी मिनिटाला ८ लिटर होता, तो साडेपाचवर आला. टाकीच्या लगतच्या वरच्या मजल्यांवर दाब मुळातच कमी असतो, तिथे ही घट झोंबते. गॅस गीझर असेल तर प्रवाह कमी पडल्याने बर्नर पेटतच नाही आणि दोष गीझरला लावला जातो. तीन महिन्यांत प्रवाह आणखी घटला तर कार्ट्रिज उघडून पाहा, गाळाची जाळी भरलेली सापडेल.

जड पाण्यात साबणाची जी चिकट साय केसांवर बसते, तिला दुसरेच उपाय लागतात. साबणाऐवजी शॅम्पू किंवा सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली वडी, वापरली तर कॅल्शियमबरोबर साय धरत नाही. राहिलेला थर काढायला शेवटच्या तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून केस धुवावेत, डोळे मिटून.