मोडलेल्या साक्षगंधाचं नव्या स्थळाशी कसं बोलले

यवतमाळकडच्या आमच्या गावांत मोडलेलं साक्षगंध लपत नाही. सोयऱ्यांपैकी कुणीतरी त्या मांडवात जेवलेलं असतंच. म्हणून मी या गोष्टीचे दोन भाग केले. साक्षगंध झालं होतं आणि मोडलं, हे बाबांनी मध्यस्थाला बायोडाटा देतानाच सांगितलं. का मोडलं आणि माझ्यात त्याचं काय उरलं, हे मी स्वतः सांगायचं ठेवलं. पाहायला येतात त्या बैठकीत नाही. मामा-काकांसमोर काढलेला हा विषय गाऱ्हाणंच वाटतो. फोनवर बोलण्यात मोकळेपणा आला की सांगावं, पण नव्या साक्षगंधाची तारीख धरायच्या आधी. तारीख धरल्यावर समोरच्याला नाही म्हणणं जड जातं.

मी बोलले ते एवढंच: “आधी जुळलं होतं त्या मुलाचं दुसरीकडे सुरू होतं. मला ते बाहेरून कळलं. आता फोन लागला नाही की माझ्या मनात आधी शंका येते. ती तुमच्यामुळे नाही, पण येते, म्हणून सांगून ठेवते.” नाव नाही, मेसेज कसे सापडले ते नाही, त्याच्या आईबद्दल चकार शब्द नाही. ‘नालायक’ म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात त्याची बाजू तपासायला लागतो, शिवाय उद्या आपल्यालाही असंच म्हणेल, हेही त्याला दिसतं.

मग एक मागणी, सहज पाळता येईल अशी. त्यांच्याकडे कृषिपंपाची वीज बरेचदा रात्री असते आणि शेतात रेंज नाही. “ओलिताला निघताना एक मेसेज टाका,” इतकंच मागितलं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक असेल तर मेसेज त्यांच्या फोनपर्यंत गेलेलाच नसतो, ही आठवण मी स्वतःसाठी ठेवली. फोनचा पासवर्ड, ‘आता कुठे आहात, फोटो पाठवा’ असलं काही मागितलं नाही. त्यातून पहारा सुरू होतो आणि शंका रोज नवा पुरावा मागते. “तुम्ही तसे नाही ना?” हा प्रश्नही फुकट जातो, कारण खरा आणि खोटा दोघंही ‘नाही’च म्हणणार.

“मी कधीच फसवणार नाही” या वचनाला मी फार वजन दिलं नाही. मेसेज येतो का, आणि राहून गेला तर मी विचारायच्या आधी ते स्वतः सांगतात का, हे पाहिलं. “जुनं उकरू नको” असं पहिल्याच वेळी ऐकू आलं असतं, तर तारीख लांबवायला सांगणार होते.

माझं सांगून झाल्यावर विचारलं, “तुम्हाला कशाची धास्ती वाटते?” आणि गप्प बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी थकलेल्या पीककर्जाचं सांगितलं. बायोडाटात ते नव्हतं. मग आकडा विचारला, सातबारावर बोजा आहे का तेही विचारलं.