हरवलेलं पान

पत्ते वाटून झाले आणि कुणाच्या तरी हातात एक पान कमी भरलं, की आधी सतरंजी झटकली जाते, मग एकमेकांकडे संशयाने बघितलं जातं. शेवटी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशा चार ओळी मांडून कुठलं पान गेलं ते शोधायचं. पद्धत चांगली आहे, पण ऐसपैस जागा खाते. त्यापेक्षा बेरीज सोपी.

एक्का १, गुलाम ११, राणी १२, राजा १३. एका रंगाची बेरीज ९१ होते, चार रंगांची ३६४. या ३६४ ला १३ ने पूर्ण भाग जातो, सगळी गंमत त्यातच आहे. पान उलटत बेरीज करत जायची आणि १३ किंवा त्याच्या वर गेली की १३ टाकून द्यायचे. राजा आला तर काहीच करायचं नाही, राणीला एक वजा, गुलामाला दोन वजा. ५१ पानं संपल्यावर हाती ४ उरले तर १३ मधून ४ गेले, म्हणजे नव्वी हरवली. शून्य उरलं तर राजा. मग तीनच नव्व्या बाहेर काढायच्या, नसलेला रंग आपोआप कळतो. दोन पानं गहाळ असतील तर मात्र हा हिशेब उपयोगाचा नाही, त्यातून फक्त त्या दोघांच्या बेरजेचा अंदाज येतो.

मोजण्याआधी जोकर बाजूला काढायला हवेत, कारण त्यांना ना रंग ना किंमत. जोकर तसा उपराच. १८६० च्या दशकात अमेरिकेत युकर नावाच्या खेळासाठी तो आला. त्या खेळात हुकमाचा गुलाम सगळ्यांत मोठा, त्याच्याही वर एक पान हवं होतं. आता बहुतेक खेळांत तो पेटीतच पडून असतो आणि पान हरवलं की त्याच्या तोंडावर ‘चौकट नव्वी’ लिहून त्याला कामाला लावतात. पाठ त्याच कॅटाची असल्यामुळे ओळखू येत नाही. दुसऱ्या कॅटातलं पान घातलं तर पाठच चुगली करते.

स्पॅनिश कॅट हातात आला तर घाबरू नका. नेहमीच्या ४० पानी कॅटात अठ्ठी आणि नव्वी नसतातच. १ ते ७ नंतर एकदम १०, ११, १२ छापलेले असतात, म्हणजे प्यादा, घोडेस्वार आणि राजा. राणी नाही. इथे एका रंगाची बेरीज ६१, एकूण २४४. तेरा टाकत गेलं तर पूर्ण कॅटाला १० उरतात, म्हणून उरलेली संख्या १० मधून वजा करायची. उत्तर ऋण आलं तर त्यात १३ मिळवायचे. ३ उरले तर सत्ती गेली.

राहिला रंग. तो पानाच्या चौकटीच्या रेघेवरूनच कळतो. नाण्यांच्या पानावर रेघ सलग, पेल्यांच्या पानावर एका जागी तुटलेली, तलवारींवर दोन जागी, सोट्यांवर तीन. त्यामुळे हातातली पानं नुसती कडेकडेने सरकवली तरी कोणती सत्ती नाही ते दिसतं.