हेसच्या नियमाची गणितं आणि पाण्याचा (l) की (g): माझा अनुभव

गेल्या वर्षी मी ड्रॉप घेतला होता आणि इंदूरला भंवरकुआँजवळ आत्याकडे राहत होते, क्लासला पायी जाता यायचं म्हणून. थर्मोडायनॅमिक्सचा चॅप्टर वाचायला मला कधीच जड गेला नाही, पण जुने पेपर सोडवायला बसले की एक टाइप दर वेळी चुकायचा. तीन-चार रिअ‍ॅक्शन दिलेल्या असतात, प्रत्येकीची ΔH दिलेली असते, आणि त्यांच्यावरून भलत्याच एका रिअ‍ॅक्शनची ΔH काढायची. हेसचा नियम तर पाठच होता, की रिअ‍ॅक्शन एका स्टेपमध्ये होवो नाहीतर चार स्टेपमध्ये, सुरुवात आणि शेवट तोच असेल तर एकूण ΔH तीच येते. पण कुठली उलटायची आणि कितीने गुणायची हे मी नजरेनेच ठरवायचे, जमलं तर जमलं, नाहीतर सगळं खोडून परत पहिल्यापासून.

ज्या गणितावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली ते हे. इथेनची फॉर्मेशन एन्थॅल्पी काढायची होती (कार्बन म्हणजे ग्रॅफाइट, बाकी सगळे गॅस, पाण्याचं तेवढं लिहिलंय):

```
काढायची:  2C + 3H2 → C2H6                    ΔH = ?
(1)  C + O2 → CO2                           -393.5 kJ
(2)  2H2 + O2 → 2H2O(l)                     -571.6 kJ
(3)  2C2H6 + 7O2 → 4CO2 + 6H2O(l)          -3121.4 kJ
```

मी सुरुवात ऑक्सिजनपासून करायचे, कारण तो तिन्हीकडे दिसतो आणि उत्तरात नकोय, म्हणजे आधी त्यालाच घालवू असं डोक्यात. आणि तिथेच अडकायचे, कारण (1) आणि (2) चा ऑक्सिजन जुळवला की (3) चा बिघडायचा आणि (3) चा जुळवला की कार्बन भलताच यायचा.

आतोबा समोर बसून हिशेब करत होते, ते कापड बाजारात एका पेढीवर वह्या सांभाळतात. केमिस्ट्रीशी त्यांचा काही संबंध नाही, पण माझी खाडाखोड बघून म्हणाले, "अगं, जी पार्टी सगळ्याच पानांवर आहे तिच्यापासून कशाला धरतेस? जिचं नाव एकाच पानावर आहे ना, तिथून धर. सगळीकडे असणारी शेवटी आपोआप मिटते, आणि नाही मिटली तर समज की कुठेतरी आकडा चुकलाय."

मी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बघितलं. कार्बन फक्त (1) मध्ये, हायड्रोजन फक्त (2) मध्ये, इथेन फक्त (3) मध्ये. म्हणजे ठरवायचं असं काही उरतच नाही! मला कार्बन डावीकडे २ हवेत, (1) मध्ये तो डावीकडेच १ आहे, म्हणून (1) गुणिले २. हायड्रोजन डावीकडे ३ हवेत, (2) मध्ये डावीकडे २ आहेत, म्हणून गुणिले दीड. इथेन मला उजवीकडे १ हवं, (3) मध्ये ते डावीकडे २ आहे, म्हणून उलटायची आणि अर्धी करायची. रिअ‍ॅक्शनला जे केलं तेच तिच्या ΔH ला, उलटली की साइन बदलायची:

```
2 × (-393.5)     =   -787.0
1.5 × (-571.6)   =   -857.4
-½ × (-3121.4)   =  +1560.7
                    --------
ΔH               =    -83.7 kJ
```

आणि ऑक्सिजनला मी हातही लावला नव्हता, तो शेवटी फक्त मोजून बघितला. डावीकडे २ अधिक १.५ म्हणजे ३.५, आणि उलटलेल्या (3) मधून उजवीकडे आला ७ चा अर्धा म्हणजे ३.५. मिटला! CO2 इकडे २ तिकडे २, पाणी ३ आणि ३. तेव्हापासून जो पदार्थ सगळीकडे दिसतो त्याला मी सोडवण्यासाठी वापरत नाही, तपासण्यासाठी राखून ठेवते.

त्याआधी दोन वेळा माझं उत्तर -१६७.४ आलं होतं आणि ते ऑप्शनमध्येही होतं, म्हणून बरोबरच वाटलं होतं. झालं असं की (3) मी उलटली पण अर्धी केली नाही आणि बाकीच्या दोन्ही तिला जुळवून घेतल्या, त्यामुळे सगळं छान कटलं पण उत्तर २ मोल इथेनचं आलं. फॉर्मेशन एन्थॅल्पी म्हणजे १ मोल तयार होतानाची. ही चूक कटण्यावरून पकडता येत नाही, म्हणून काढायची रिअ‍ॅक्शन आधी १ मोलची पूर्ण लिहायची आणि मगच बाकीच्यांकडे बघायचं.

ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला ती मात्र वेगळीच. दुसऱ्या एका सेटमध्ये जवळपास हेच गणित होतं, फक्त (2) च्या जागी हायड्रोजनपासून पाण्याची वाफ होत होती, म्हणजे H2O(g), -२४१.८ प्रति मोल, आणि खाली एक चौथी ओळ होती, पाण्याची वाफ व्हायला +४४ प्रति मोल. ती ओळ मला उगाच गोंधळात टाकायला दिलीय असं वाटलं आणि मी सोडून दिली. उत्तर आलं +४८.३. आकडेमोड तीनदा तपासली, एकही चूक नाही, आणि तरी इथेनची फॉर्मेशन एन्थॅल्पी चक्क पॉझिटिव्ह.

ह्यावेळी परत मोजायला बसले तेव्हा लक्षात आलं की मी वहीत नुसतं H2O लिहीत होते, कंस गाळून. नुसतं H2O लिहिलं की ३ आणि ३ कटतात. पण कंस घालून लिहिलं तर उजवीकडे ३ H2O(g) उरतात आणि डावीकडे ३ H2O(l), आणि हे दोन हिशेबात वेगवेगळे पदार्थ आहेत, कटतच नाहीत. ते मिटवायला चौथी ओळ उलटून ३ ने गुणायची, म्हणजे वाफेचं पाणी होताना -१३२, आणि ४८.३ मधून १३२ गेले की परत तेच -८३.७. एका मोलमागे ४४ म्हणजे बाकीच्या आकड्यांपुढे किरकोळ वाटतं, पण मोल तीन होते आणि उत्तरच शंभराच्या आतलं, त्यामुळे साइनच फिरली.

त्यावरूनच अजून एक कळलं. इथे उत्तर म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधला छोटा फरक असतो, १६४४.४ आणि १५६०.७ मधला. मी पाठ असलेले गोल आकडे टाकून बघितले, ३९४, २८६ आणि १५६०, तर -८६ आलं. म्हणजे सुरुवातीला एका टक्क्याच्याही आतला फरक, आणि शेवटी दोन-अडीच kJ चा. ऑप्शन जवळजवळचे असले की तेवढ्याने प्रश्न जातो, म्हणून मी पाठ असलेली व्हॅल्यू कधीच वापरत नाही, पेपरात जी दिलीय तीच, आणि राउंड करायचं ते फक्त शेवटच्या ओळीत.