गिझरच्या वायसरची नोंदवही: रबर, सिलिकॉन आणि फायबर

मागच्या वेळी लिहिलं होतं तसं, आमच्या गिझरच्या गरम बाजूच्या कनेक्शन पाइपच्या नटातून थेंब पडत होते. पण कधी? गिझर चालू असताना जॉइंट कोरडा ठणठणीत, रात्री टाकी गार झाली की सकाळी खालच्या टाइलवर ओलं. चार दिवस टिश्यू पेपर गुंडाळून बघितलं, दर वेळी हेच.

शनिवारी खोललं. आधी एमसीबी खाली, मग गिझरच्या खालचा अँगल कॉक बंद, गरम नळ उघडून प्रेशर सोडलं आणि मग पाना लावला. जुना वायसर काळ्या रबराचा, पाइपबरोबरच आलेला, साधारण तीन वर्षं झालेली. नखाने दाबला तर खूण उमटेना, वाकवला तर कडेला बारीक चिरा. थंड बाजूचा त्याच वयाचा वायसर मात्र अजून मऊ. गरम बाजूचा मूळचा 3 मिमीचा, आता कॅलिपरवर 2.2 भरला. म्हणजे रबर दबून तसंच बसलं, परत फुगायची ताकदच गेली. पितळेपेक्षा रबर गरमीने जास्त फुगतं आणि गार झालं की जास्त आक्रसतं, त्यामुळे गरम असताना फट भरायची आणि गार झाल्यावर उघडी पडायची. सकाळच्या ओल्या टाइलचं कारण हेच.

बरेच जण इथे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात, मीही पूर्वी गुंडाळायचो. पण या नटात पाणी आट्यांनी अडत नाही, निपलचं तोंड आणि पाइपची कॉलर यांच्यामध्ये दाबलेल्या वायसरने अडतं, आटे फक्त दाब देतात. टेपने उलट नट लवकर घट्ट वाटतो आणि वायसर पुरेसा दबतच नाही.

पहिला प्रयत्न सिलिकॉनचा. दुकानातून पांढरे अर्धा इंची चार घेतले, पण पांढरं म्हणजे सिलिकॉनच असं नाही, पीव्हीसीचेही तसेच दिसतात. म्हणून एक कापून तुकडा पंधरा मिनिटं उकळला आणि दुसरा तुकडा गॅलरीत चिमट्यात धरून पेटवला. उकळलेला होता तसाच उसळता राहिला आणि जळलेल्याची पांढरी राख उरली. सिलिकॉन असंच जळतं, रबर असतं तर काळा धूर आला असता आणि काळीच काजळी उरली असती.

बसवताना चूक झाली ती अशी, जुन्या सवयीने पान्याने पूर्ण आवळला. गळती थांबली, पण शॉवरची धार निम्मी! खोलून बघतो तर सिलिकॉन आतल्या बाजूला फुगून भोकात आलेलं आणि एका कडेला फाटलेलं. हे गरमीला छान टिकतं पण फार मऊ, धातूच्या तीक्ष्ण कडेवर आवळलं तर चिरतं. दुसरा वायसर हाताने घट्ट आणि वर पान्याचा पाव फेरा, एवढंच. धार पूर्ण आली, टिश्यू तीन आठवडे कोरडा.

मग फायबर बघायचाच होता, म्हणून लाल फायबरचा त्याच जागी लावला. हा कागदासारख्या सेल्युलोजचा असतो, पाणी पिऊन फुगतो आणि फट भरतो, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत चार-पाच थेंब पडले तर लगेच आवळत सुटायचं नाही. माझा मात्र तासाभरानेही गळतच होता. कारण निपलच्या तोंडावर कापल्याची धार उभी होती. रबर-सिलिकॉन असली धार अंगात घेतात, फायबर नाही घेत, त्याला दोन्ही बाजू सपाट लागतात. निपल काढून काचेवर पॉलिश पेपर ठेवून तोंड घासलं, नवा फायबर लावला (काढलेला परत लावू नका, त्यावर जुन्या धारेचा ठसा बसलेला असतो) आणि अर्धा फेरा जास्त दिला, आता थांबलं.

पण एक गोष्ट खटकली. दिवाळीत बारा दिवस गावी होतो, टाकी साफ करायला सोसायटीने लाइन रिकामी केलेली. परत आल्यावर फायबरचा जॉइंट सुरुवातीला टपकला आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद झाला. सुकला की आक्रसतो, ओला झाला की फुगतो. जिथे घर बंद राहतं आणि खाली फॉल्स सीलिंग किंवा लाकडी कपाट आहे तिथे मी हा लावणार नाही.

सध्या गरम बाजूला परत सिलिकॉन बसवलाय, थंड बाजूला साधं काळं रबर, कारण तिथे त्याला काहीच त्रास नाही आणि ते सिलिकॉनपेक्षा चिवट आहे. आट्याच्या जुन्या नळाच्या दट्ट्याखालीही रबरच ठेवलंय, तिथे वायसर रोज दाबला आणि घासला जातो, सिलिकॉन तिथे फाटतो. आता एक नवा फायबर किचनच्या पितळी नळाच्या जोडावर बघायचाय, तिथे दोन्ही तोंडं सपाट आहेत आणि पाणी रोज असतं.