तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पर्यंत’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

“मॅडम, टेन्स जमले, स्पेलिंगही जमतं. पण ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘सिन्स’, ‘टिल’ यांत हमखास गोंधळ होतो. नियम पाठ आहेत, तरी बोलताना भलताच शब्द तोंडात येतो. असं का?”

इंग्रजी शब्द निवडायच्या आधीच, मनातल्या मराठी वाक्यात, गोंधळाचं बी पडलेलं असतं. म्हणून इंग्रजीचे नियम कितीही घोकले तरी ते तिथवर पोहोचतच नाहीत.

याचं नेहमी दिलं जाणारं कारण असं, की आपलं शब्दयोगी अव्यय नामानंतर लागतं आणि इंग्रजीतलं नामाआधी येतं. फरक खरा आहे, पण त्रास त्याचा नाही. ‘टेबलावर’ म्हणताना ‘टेबल ऑन’ असं माझ्या वर्गातला अगदी नवखा विद्यार्थीही म्हणत नाही. क्रम उलटायला माणूस पटकन शिकतो. उलट जिथे क्रम जुळतो, तिथेही आपण घसरतो. इंग्रजीतलं ‘अगो’ नामानंतरच येतं. ‘दोन वर्षांपूर्वी’ आणि ‘टू इयर्स अगो’ यांत शब्द ओळीने बसतात, काहीही उलटावं लागत नाही. तरी आपल्या तोंडून निघतं ‘बिफोर टू इयर्स’, कारण शाळेतल्या शब्दार्थांत ‘पूर्वी म्हणजे बिफोर’ एवढंच लिहून घेतलेलं असतं.

खरी अडचण वाटणीची आहे. मराठीत एकच अव्यय दोन-तीन कामं करतं आणि त्यातलं कुठलं काम चाललंय ते क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे. ‘पर्यंत’ घ्या. ‘पाच वाजेपर्यंत थांबा’ आणि ‘पाच वाजेपर्यंत फाइल पाठवा’. आपल्याला दोन्हीकडे एकच ‘पर्यंत’ ऐकू येतो. पण थांबणं ही पाच वाजेस्तोवर चालू राहणारी गोष्ट आहे, तर पाठवणं ही पाचच्या आत एकदा उरकायची. पहिल्याला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’ लागतं, दुसऱ्याला ‘बाय’. ‘सेंड द फाइल टिल फाइव्ह’ असं परदेशातल्या माणसाला लिहिलंत, तर पाचपर्यंत फाइल पाठवतच राहा असा त्याचा अर्थ होतो. तो संदर्भाने समजून घेईल, पण अडखळेल नक्की.

यावर उपाय मराठीतच करायचा. ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ घालून बघा. ‘पाचच्या आत फाइल पाठवा’ छान बसतं, म्हणजे ‘बाय’. ‘पाचच्या आत थांबा’ बसत नाही, म्हणजे ‘टिल’. नकारात मात्र जास्त लक्ष द्यावं लागतं. ‘मी पाचपर्यंत येणार नाही’ या वाक्यातून ‘पाचनंतरच येईन’ असंही निघतं आणि ‘पाचला पोहोचणं जमणार नाही’ असंही. इंग्रजीत ती दोन वेगळी वाक्यं आहेत: ‘आय वोन्ट कम अन्टिल फाइव्ह’ आणि ‘आय वोन्ट बी देअर बाय फाइव्ह’. इथे ‘च्या आत’ची कसोटी थिटी पडते. आपल्याला काय म्हणायचंय ते आधी मराठीतच फोडून सांगावं लागतं.

‘पासून’चंही असंच. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ आपल्याला सारखेच वाटतात, म्हणून दोन्हीकडे ‘सिन्स’ येतं आणि ‘सिन्स टू इयर्स’ तयार होतं. भारतात ते इतकं रुळलंय की ऐकताना खटकतही नाही. पण ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण हवा असतो, लांबी नको. लांबी आली की ‘फॉर’. इथली कसोटी ‘झाली’ या शब्दाची. ‘मला इथे येऊन दोन वर्षं झाली’ म्हणता येतं, म्हणून ‘फॉर टू इयर्स’. ‘मला इथे येऊन सोमवार झाला’ म्हणता येत नाही, म्हणून ‘सिन्स मंडे’. या जागी क्रियापदही बदलतं. मराठीत ‘राहतोय’ हा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत मात्र ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. ‘आय ॲम लिव्हिंग हियर फॉर टू इयर्स’ यात ‘फॉर’ बरोबर असूनही वाक्य चुकलेलंच राहतं.

‘पूर्वी’साठी मी विद्यार्थ्यांना विचारते: कुठून मागे मोजताय? आजपासून मोजत असाल तर ‘अगो’. ‘अगो’ हा शब्द मुळात ‘निघून गेलेला’ या अर्थाचाच आहे. ‘टू इयर्स अगो’ म्हणजे दोन वर्षं गेली. दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मोजत असाल तर ‘बिफोर’, आणि त्या घटनेचं नाव त्याच्यापुढे: ‘टू डेज बिफोर दिवाली’.

आता एक अर्ज बघू. असा मजकूर माझ्याकडे वरचेवर तपासायला येतो.

“आय ॲम सिक सिन्स लास्ट मंडे. द डॉक्टर हॅज ॲडव्हाइज्ड रेस्ट टिल फ्रायडे. बिफोर टू डेज आय हॅड सेंट द रिपोर्ट. आय विल कम्प्लीट द रिमेनिंग वर्क टिल सॅटर्डे मॉर्निंग.”

पहिल्या वाक्यात ‘सिन्स’ बरोबर आहे, कारण सोमवार हा सुरुवातीचा दिवस. चुकलंय ते ‘ॲम’, तिथे ‘हॅव बीन’ हवं. दुसरं वाक्य निर्दोष आहे, विश्रांती शुक्रवारपर्यंत चालू राहणार. तिसऱ्यात आजपासून मागे मोजलंय, म्हणून ‘आय सेंट द रिपोर्ट टू डेज अगो’. ‘अगो’ आल्यावर ‘हॅड’ही गळतं, साधा भूतकाळ पुरतो. चौथ्यात मात्र दुसऱ्या वाक्यातलाच ‘पर्यंत’ वेगळ्या कामाला आलाय. ‘शनिवार सकाळच्या आत काम पूर्ण करेन’ असं म्हणता येतं, म्हणून ‘बाय सॅटर्डे मॉर्निंग’. एकाच अर्जात, दोन ओळींच्या अंतरावर, ‘पर्यंत’ची दोन इंग्रजी रूपं! ‘टिल’चा नियम वेगळा पाठ करून हे सुटत नाही, असं मी म्हणते ते म्हणूनच.

स्थळाकडे वळलं की सगळ्यात जास्त त्रास ‘वर’ देतं. ‘मी स्टेशनवर आहे’ याचं आपण ‘आय ॲम ऑन द स्टेशन’ करतो. ‘ऑन’ म्हणजे पृष्ठभागाला टेकलेलं, मग इंग्रजी ऐकणाऱ्याला तुम्ही स्टेशनच्या छपरावर दिसता. मराठीत ‘वर’ पृष्ठभागही दाखवतं आणि नुसतं ठिकाणही. नुसतं ठिकाण असेल तिथे ‘वर’च्या जागी सहसा ‘ला’ चालतं: ‘स्टेशनवर भेटू’, ‘स्टेशनला भेटू’. असं झालं की ‘ॲट’. ‘पुस्तक टेबलावर ठेव’ याचं ‘टेबलाला ठेव’ होत नाही, म्हणून ‘ऑन’. ‘मी प्लॅटफॉर्मवर उभी आहे’ याचंही ‘प्लॅटफॉर्मला’ होत नाही. म्हणून त्याच स्टेशनात उभं राहून आपण ‘ॲट द स्टेशन’ असतो आणि ‘ऑन द प्लॅटफॉर्म’ही असतो.

ही कसोटी टांगलेल्या, चिकटलेल्या किंवा लागलेल्या वस्तूंना लावू नका. भिंतीला कॅलेंडर असतं, तरी इंग्रजीत ते ‘ऑन द वॉल’च. आणि झाडाची गंमत तर मला फार आवडते. झाडाला आंबे लागतात, झाडावर माकड बसतं. भेद आपणही करतोच, फक्त इंग्रजीत जोड्या वेगळ्या लागतात. आंबे झाडाचाच भाग, म्हणून ‘ऑन द ट्री’. माकड फांद्या-पानांच्या आत, म्हणून ‘इन द ट्री’. आपलं ‘झाडावर’ शब्दशः नेलं की नेमकं माकडच चुकतं.

सप्तमीच्या ‘ई’बद्दल थोडक्यात. ‘सकाळी’, ‘सोमवारी’, ‘रात्री’ या तिन्हींत प्रत्यय एकच, पण इंग्रजीत ‘इन द मॉर्निंग’, ‘ऑन मंडे’, ‘ॲट नाइट’. इथे मराठी कसोटी नाही, पाठच करावं लागतं. लक्षात ठेवायचं एवढंच, की वार किंवा तारीख आली की तिचीच चलती. ‘सोमवारी सकाळी’ म्हणजे ‘ऑन मंडे मॉर्निंग’, ‘इन’ गळून पडतं. आणि वारामागे ‘नेक्स्ट’ किंवा ‘लास्ट’ आलं की ‘ऑन’ही गळतं. ‘पुढच्या सोमवारी’मधला ‘ई’ आपल्याला काहीतरी लावायला खुणावतो, पण इंग्रजीत तिथे काहीच लागत नाही.

आता तुम्ही करून बघा. पुढच्या वाक्यांपैकी एक बरोबर आहे. प्रत्येक वाक्य आधी मराठीत म्हणा आणि मगच दुरुस्त करा.

१. आय ॲम लर्निंग ड्रायव्हिंग सिन्स थ्री मंथ्स.
२. द गेस्ट्स विल रीच हियर टिल एट.
३. माय सिस्टर गॉट मॅरीड बिफोर फाइव्ह इयर्स.
४. वी आर वेटिंग ऑन द बस स्टॉप.
५. ही केम इन फ्रायडे मॉर्निंग.
६. वी विल मीट ऑन नेक्स्ट संडे.
७. द रिपोर्ट मस्ट बी रेडी बाय नून.
८. द बँक विल रिमेन क्लोज्ड बाय मंडे.

पहिल्यात तीन महिने ‘झाले’ म्हणता येतं, म्हणून ‘फॉर थ्री मंथ्स’, आणि त्याबरोबर ‘आय हॅव बीन लर्निंग’. फक्त ‘सिन्स’ बदलून थांबला असाल, तर अर्धंच काम झालं. पाहुणे आठच्या आत पोहोचणार, म्हणून दुसऱ्यात ‘बाय एट’. तिसऱ्यात ‘फाइव्ह इयर्स अगो’. चौथ्यात बसस्टॉपवर, बसस्टॉपला, दोन्ही चालतं, म्हणून ‘ॲट’. पाचव्यात ‘ऑन फ्रायडे मॉर्निंग’, सहाव्यात नुसतं ‘नेक्स्ट संडे’. सातवं बरोबर आहे. दुपारी बाराच्या आत तयार हवा, आणि ‘तयार असणं’ हे चालू राहणारं वाटलं तरी मुदत ही मुदतच.

आठव्यावर जरा रेंगाळा. बंद राहणं ही चालू राहणारी स्थिती, ‘सोमवारच्या आत बंद राहील’ असं आपण म्हणणार नाही, म्हणून ‘टिल मंडे’. पण मग सोमवारी बँक उघडी की बंद? मराठीतल्या ‘सोमवारपर्यंत’मधून ते कळत नाही आणि ‘टिल मंडे’मधूनही नाही. अमेरिकेत सोमवार धरायचा असेल तर ‘थ्रू मंडे’ म्हणतात, पण आपल्याकडच्या सूचनेत ते फारसं कुणाच्या ओळखीचं नसतं. सूचना लिहिताना मी हा घोळ टाळते आणि पुढचं वाक्यही लिहून टाकते: ‘इट विल रीओपन ऑन ट्यूजडे’.